साठातले छत्तीस

सुवर्णा जाधव रागीट, हे रांजणगावच्या त्या कारखान्यात गेटवरच्या वॉचमनलाही ठाऊक होतं. इनामगावहून रोज स्कूटीवर यायचं, मापं तपासायची गेज रूम उघडायची आणि दिवसभर लोकांच्या मालाला नावं ठेवायची. सोळा वर्षं हेच काम. सुपरवायझर चिडला, मॅनेजर चिडला, तरी बाईनं रिजेक्टचा लाल टॅग कधी काढला नाही. "मापात न्हाई म्हंजी न्हाई!" की विषय संपला.

पण त्या शनिवारी कँटीनमध्ये बसून तिनं डब्याला हातसुद्धा लावला नाही. समोर तिचा धाकटा भाऊ बसला होता, हृतिक. तो याच कारखान्यात माल तपासणारा इन्स्पेक्टर, सहा वर्षं कंत्राटावर. आज त्याचं कायम नोकरीचं पत्र आलं होतं. तीन वाजेपर्यंत एचआरमध्ये सही केली नाही तर जागा दुसऱ्याला. आणि हा पठ्ठ्या म्हणत होता, सही करायची नाही, उलट राजीनामा द्यायचा.

"ताई, मी क्रिकेटवर पैजा लावतो. आकडा सांगतो, मग बोल," त्यानं खिशातून छोटी वही काढली. "या सीझनला मॅचमागं एक, अशा साठ लावल्या. छत्तीस जिंकल्या. साठ टक्के!"

वहीत त्यानं तपासणीच्या तक्त्यासारख्या ओळी आखल्या होत्या. जिंकली की 'ओके', हरली की 'रिजेक्ट'. सुवर्णाला हसू यावं की रडू, कळेना. हजार लावले की जिंकल्यावर ते परत आणि वर नऊशे मिळायचे, हरलं की हजार जायचे. आठ हजार चारशे नफा.

"एवढ्यावर नोकरी सोडतोस?"

"आता हजारच्या जागी दहा हजार लावणार. नोकरी सोडली की पीएफचे पैसे निघतात ना."

घड्याळात दीड वाजून दहा मिनिटं झाली होती. आई रंगुबाई मळ्यातून चारदा फोन करून विचारत होती, "पोरानं सही केली का?" आणि हा पोरगा सहा वर्षांची मेहनत पाण्यात घालायला निघाला होता. सुवर्णाला वाटलं, द्यावी एक ठेवून. पण आवाज चढवला तर उठून जाईल, हेही तिला कळत होतं.

"बरं," ती म्हणाली, "मायक्रोमीटरनं पीस मोजला की काय कळतं?"

"किती मोठा, किती लहान, सगळंच."

"आन् गो-नोगो गेजनं?"

"नुसतं बसतं का न्हाई."

"मग? मायक्रोमीटरचे तीस पीस बास होतात, कारण परतेक पीस भरपूर सांगतो. गो-नोगोला शेकड्यांनी पीस लागतात, कारण तो फक्त व्हय का न्हाई सांगतो. तुझी पैज ही गो-नोगो हाय, बाबा. साठ पैजांत नुसत्या नशिबानं तेरा टक्के वर-खाली होतं. तुला तोटा न व्हायला शंभरात जवळजवळ त्रेपन्न जिंकाव्या लागतात. तुझे साठ. फरक सातच टक्क्यांचा. ह्यात कसब हाय का नशीब, साठात कळतच न्हाई!"

"तुला कळत न्हाई, मला कळतं. मी पिच बघतो, टीम बघतो."

आता मात्र सुवर्णाचं डोकं सटकलं. ती उठली आणि पॅकिंग लाइनच्या बायकांकडे वळून ओरडली, "ए बायांनो, नाणी काढा! साठ वेळा उडवायचं, छापा किती पडला ते लिहायचं!"

जेवणाच्या सुट्टीत फुकटची गंमत, कोण नको म्हणेल? वीसजणी बसल्या. स्टीलच्या टेबलांवर खणखणाट सुरू झाला. हृतिक लाल झाला, पण उठला नाही. पाच-सात मिनिटांत आकडे आले. कुणाचे सव्वीस, कुणाचे एकतीस, जाईबाईचे बरोबर छत्तीस. आणि झाडलोट करणाऱ्या रतनबाईचे अडतीस.

"अगं बया!" बायका फिदीफिदी हसल्या. "रतनबाई, द्या राजीनामा आता!"

"व्हय की," रतनबाई म्हणाली, "उद्यापासनं झाडू तुम्हीच मारा!"

हृतिक हसला नाही. "नाणं येगळं. मी अभ्यास करतो."

"असशील की हुशार! मी कुठं न्हाई म्हणते?" सुवर्णा खाली बसली, आवाज खाली आणला. "पण ते दिसाया किती पैजा लागतील? तुझे साठ टक्के खरोखरचे असले, तरी पावणेदोनशे. आन् साठ टक्के कुणाचे टिकत न्हाईत रे. पंचावन्न टिकले तरी लई झालं. पंचावन्नवाल्याला नशीब बाजूला काढाया अठराशे लागतात. सीझनला साठ पैजा धर. किती सीझन?"

हृतिकनं बोटांवर मोजलं नाही, हिशेब त्याला येत होता. "तीस."

"आज सव्वीसचा हायेस, छप्पन्न वर्षांचा होशील. तवा कळंल, आज राजीनामा द्यायचा होता का न्हाई ते."

त्यानं वही मिटली. अडीच वाजले. सुट्टी संपली, बायका उठून गेल्या. सुवर्णाला वाटलं, वितळला. पण हृतिक एकदम म्हणाला, "तुला माझं चांगलं बघवत न्हाई, ताई. तोट्यात असतो तर गोष्ट येगळी. मी नफ्यात हाय!"

शब्द काळजात घुसला. ज्याला तिनं आपल्या पहिल्या पगारातून बूट घेतले, तो असं बोलला! तिचे डोळे भरले. तोंड लपवायला म्हणून तिनं वही ओढली, आणि हाताला काहीतरी जाड लागलं. पहिली दोन पानं स्टेपल करून टाकली होती.

"हे काय?"

"ते न्हाई धरायचं. मागच्या सीझनचं. शिकत होतो तवा. सेटिंगचे पीस हायेत ते."

सुवर्णानं त्याच्याकडे बघितलं. पोरगा खोटं बोलत नव्हता, हेच जास्त भयंकर होतं. मशीन लावताना सुरुवातीचे पीस लॉटमध्ये धरत नाहीत, हे तिनंच त्याला शिकवलं होतं, पहिल्याच आठवड्यात.

"हृतिक, मशीनवर सेटिंगच्या पीसनंतर आपण काय करतो? टूल बदलतो, मोजतो, म्हणून ते टाकून देता येतात. तू मधे काय बदललंस?"

त्यानं स्टेपल उचकटून ती दोन पानं उघडली. "काही न्हाई," शेवटी म्हणाला. "हरणं थांबलं, मग मोजायला लागलो."

"किती होते?"

"चोवीस. आठ ओके." त्यानं स्वतःच पेन घेतलं आणि वहीच्या कोपऱ्यात बेरीज केली. आठाचे सात हजार दोनशे आले, सोळाचे सोळा हजार गेले. उणे आठ हजार आठशे. त्याखाली आठ हजार चारशे लिहिले. पेन तिथंच थांबलं. चौऱ्याऐंशी पैजा, चव्वेचाळीस जिंकलेल्या, आणि चारशे रुपये तोटा.

"ताई," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मीच रिजेक्ट माल बाजूला ठिवून लॉट पास केला की गं."

तीनला दहा कमी होते. सुवर्णानं त्याचं मनगट धरलं, भर कारखान्यात, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं. आणि एचआरच्या दारापर्यंत सोडलं नाही. आत त्यानं सही केली तेव्हा ती बाहेर भिंतीला टेकून रडत होती, आणि जाणारे-येणारे बघत होते, की ही बाई रडते पण?