सोफ्यावरची शाई

परतूरच्या दवाखान्यातल्या नर्स गिरिजाबाई मुलगी कौसल्याला घेऊन पहिल्यांदाच डॉक्टरांच्या घरी आल्या होत्या. डॉक्टरीणबाई चहा टाकायला आत गेल्या, तेवढ्यात कौसल्याच्या खिशातलं बॉलपेन गळू लागलं. शाळेच्या पांढऱ्या शर्टावर निळा डाग पसरला आणि कातडी सोफ्यालाही लागला.

"आई, स्पिरिट लाव ना जल्दी," कौसल्या रडवेली झाली.

गिरिजाबाईंनी पिशवीतल्या स्पिरिटचा बोळा आधी सोफ्याच्या मागच्या बाजूला टेकवून पाहिला. कापसावर कातड्याचा तांबूस रंग उतरला. मग साबणाचा थोडा फेस ओल्या रुमालावर घेऊन त्यांनी डाग अलगद टिपला. तो फिकटला, पण गेला नाही.

डॉक्टरीणबाई चहा घेऊन आल्या.

"बाई, पोरीच्या पेनानं डाग पडला," गिरिजाबाई म्हणाल्या. "स्पिरिटानं सोफ्याचा रंगच जातो, म्हणून इथंच थांबले."

बाईंनी चहा खाली ठेवला. मग आतून जुना टॉवेल आणि स्वतःचं पोलकं घेऊन आल्या. "हिला हे घाला. शर्ट तर वाचवा."

गिरिजाबाईंनी शर्टाखाली टॉवेल ठेवून डागावर स्पिरिट टिपलं. शाई टॉवेलात उतरू लागली, तेव्हा कुठे त्यांनी चहाचा कप उचलला.