सेन्सरखालची खुर्ची

अकोल्याच्या थिएटरात एसी सांभाळायला मी अमरावतीहून आलो, तेव्हा पावसाळा होता. हाउसफुल शोला मशीन सतत चाले आणि माणसांच्या घामा-श्वासाची वाफही ओढून घेई. दुपारी चार-पाच प्रेक्षक असले की हॉल लगेच थंड होई, मशीन थांबे आणि खुर्च्या दमट राहत.

“गिऱ्हाईक पळून राहिलं ना! दुसरा मानूस पाहू काय?” मॅनेजर म्हणाले.

गर्दीच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून बाहेरच्या हवेची झडप उघडणारा सेन्सर एसीच्या खोलीत होता. हॉलमधून परतणाऱ्या हवेबरोबर तिथे सिनेमातलं बोलणं ऐकू येई, नव्या गावात तेवढीच सोबत, म्हणून मी सेन्सरखालीच बसायचो. एकदा लक्षात आलं: हॉल रिकामा असला तरी माझ्याच श्वासाने झडप उघडी राहून बाहेरची पावसाळी ओली हवा आत येत होती.

खुर्ची खोलीबाहेर नेली. झडप मिटली, नोकरी टिकली. बाहेर दिवसभर कोणाचाच आवाज येत नसे.