मामांची इंग्रजी जोडी

आमच्या शाळेच्या शिपाईमामांना मी आठवीच्या वर्गापुढं उभं केलं, त्यांच्याकडं छडी रोखली आणि चव्वेचाळीस पोरांकडून 'विडोअर' असं तीनदा म्हणून घेतलं. मामांची बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर उभं केलं होतं.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. शिरूरहून न्हावऱ्याकडं जाताना रस्त्याला लागूनच आमचं विद्यालय होतं. मी नुकताच बी.एड. होऊन इंग्रजीचा मास्तर म्हणून चिकटलो होतो. कोरं पुस्तक आणि कोरं डोकं, दोन्ही घेऊन. कॉलेजात आम्हाला एक गोष्ट ठासून शिकवली होती, की शब्द फळ्यावर लिहायचा नाही, तर वस्तू दाखवायची. आठवीला पाठ होता पुरुष-बाईच्या शब्दांच्या जोड्यांचा. आता किंग-क्वीन मी कुठून दाखवणार? पण बाकीच्यांची सोय गावातच होती. गॅदरिंगला लावणी केलेल्या पोरीवर छडी नेली की 'अॅक्ट्रेस', नाटकात तलाठी झालेल्या पोरावर नेली की 'अॅक्टर'. मुंडावळ्या कागदाच्या. एका पोराला त्या बांधल्या की झाला 'ब्राइडग्रूम'. माझ्या स्वतःच्या छातीवर छडी टेकवली की पोरं दणक्यात ओरडायची, 'बॅचलर.' माझ्या लग्नाचं तेव्हा कुठंच जमत नव्हतं, ते पोरांना माझ्याआधी ठाऊक असायचं.

छडी फिरवायची आणि वर्गानं शब्द सोडायचा, हा माझा शोध. मुलांच्या रांगांनी पुरुषाचा शब्द म्हणायचा, लगेच मुलींच्या रांगांनी बाईचा. जोडी पुरी. ज्या शब्दाला जोडीच नाही तो सगळ्यांनी मिळून. टीचर, डॉक्टर, कझिन, फ्रेंड. पोरांना ते पटायचं नाही. अॅक्टरची अॅक्ट्रेस होते, तर फार्मरची फार्मरेस का होऊ नये, म्हणून एकजण अडून बसला होता.

"होत नाही. आई शेती करत असली तरी फार्मर, बाप करत असला तरी फार्मर," मी म्हणालो.

"मंग सातबाऱ्यावर आईचं नाव का न्हाई?"

मी म्हणालो, ते मराठीच्या सरांना विचार.

मग आली उलटी जोडी. बाकी बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या शब्दाला शेपूट जोडून बाईचा शब्द होतो. इथं मात्र बाईचा शब्द आधी. विडो म्हणजे विधवा, आणि तिच्या शब्दाला शेपूट जोडून झालेला बाप्या तो विडोअर. ब्राइड आणि ब्राइडग्रूमचंही तसंच. मी जाहीर केलं, की या दोन जोड्यांना मुली आधी म्हणतील. मुलींच्या रांगा अशा ताठ झाल्या, की जणू त्यांना ग्रामपंचायतीत निवडून दिलंय. तेवढ्यात मामा रजिस्टर घेऊन दारात आले, आणि मला वाटलं, साधन आपल्या पायांनी चालत आलं.

मामांनी रजिस्टरवर माझी सही घेतली आणि ते गेले. संध्याकाळी व्हरांडा झाडता झाडता माझ्याजवळ थांबले.

"सर, ते विडोअर म्हंजी काय हुद्दा हाय का?"

"हुद्दा?"

"न्हाई, टीचर, फिटर, टर्नर तसं वाटलं. माझा पुतण्या रांजणगावला फिटर हाय."

मी अर्थ सांगितला. मामांनी झाडू भिंतीला टेकवला. मग म्हणाले, "माझी भन विधवा झाली तवा पंचक्रोशीनं तिला नाव ठिवलं. मला दोन वर्सात कुणी काय म्हणलंच न्हाई. बरं झालं, एक शब्द तरी मिळाला." ते रागावून म्हणाले की मनापासून, हे मला तेव्हा कळलं नाही, कारण मी आपल्याच पाठावर खूश होतो.

आठवड्याभरात सगळ्या वाडीची पोरं त्यांना 'विडोअर मामा' म्हणू लागली. मला मनातून लाज वाटायची आणि उच्चार बरोबर येतोय म्हणून बरंही वाटायचं. मास्तराचं हे असं असतं.

आणि एक दिवस मामांनी मला बाजूला घेतलं. वरवंडची एक बाई होती. अकरा वर्षांपूर्वी नवरा गेलेली. भावाच्या मळ्यात झेंडू-शेवंती तोडायची, हार करून हायवेवर विकायची. बोलणी चालली होती. मामा स्वतः भाकरी थापायचे, एक बाजू जळलेली आणि एक बाजू कच्ची, आणि तीच डब्यात आणून माझ्यासमोर खायचे, त्यामुळं या बोलण्यांचं वजन मला कळत होतं. याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता.

"तिचा भाऊ शाळा बघाया येणार हाय. तुम्ही शिकल्यालं मानूस. माझ्याबद्दल दोन शब्द बोला," मामा म्हणाले. "दोनच बरं का, सर. जास्त न्हाई."

मी म्हणालो, काळजी सोडा.

पाहुणे यायचे होते सुट्टीत. पण चौफुल्याहून त्यांना आधीची एसटी मिळाली आणि ते उतरले माझ्या तासाला. मी तर तेव्हा उजळणी घेत होतो. छडी हातात, वर्ग तयार. दारातून मामांचा आवाज आला, "हेच आमचे इंग्रजीचे सर," आणि मी नमस्कार करायला वळलो.

छडी हातात होतीच. ती मामांवर गेली.

"विडोअर," वर्ग गर्जला.

मी गडबडून छडी खाली घ्यायला गेलो. मामांच्या शेजारी पांढरा सदरा घातलेले आबा उभे होते, तिचा थोरला भाऊ. त्यांच्या मागं डोईवर पदर घेतलेली एक बाई. भाऊ एकटाच येईल असं मला वाटलं होतं. छडी खाली येता येता तिच्यावर थांबली, पुरता अर्धा क्षणही नसेल. मुलींच्या पहिल्या बाकावर माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी होती. मामांची बोलणी गावात कुणाला माहीत नव्हती असं नाही. ती उभी राहिली आणि शिकवल्याप्रमाणं स्वच्छ म्हणाली, "विडो."

आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण पोरीच्या तोंडून कसला शब्द निघाला ते त्यांना चेहऱ्यांवरून समजलं. मामांकडं मी पाहिलंच नाही. मला एवढंच दिसत होतं, की त्यांची जळकी भाकरी मी जन्मभरासाठी पक्की केली.

"चला," आबा म्हणाले.

ती बाई मात्र हलली नाही. पायातल्या चपला दारात काढल्या, आत आली आणि त्या मुलीच्या बाकाशी उभी राहिली.

"काय म्हणलीस, बाळ?"

मुलगी रडायच्या बेतात. "विडो. विधवेला म्हणत्यात."

"आन् ह्यांना काय म्हणाला तुम्ही?"

"विडोअर. बायको वारल्याली असती त्याला."

"आसं." तिनं मामांकडं पाहिलं. "म्हंजी तुमाला बी हाय."

"सरांनी दिला," मामा म्हणाले.

"आधी कंचा? बाईचा का बाप्याचा?"

"बाईचा," मुलींच्या चारी रांगा एकदम बोलल्या. माझ्या छडीशिवाय.

तिला हे आवडलं असावं, कारण तिनं फळ्याकडं मान वळवली. तिथं मी कॉलेजचा नियम मोडून सकाळीच उजळणीची पुढची जोडी लिहून ठेवली होती. "त्यो कंचा शब्द, सर?"

"ब्राइड. म्हणजे नवरी. तिचा नवरा तो ब्राइडग्रूम."

"आन् दुसऱ्यांदा लगीन करते तिला?"

इथं मला सांगितलं पाहिजे, की त्या भागात विधवेचं लग्न म्हणजे पाट. तो अंधार पडल्यावर लावायचा, चार माणसांत, वाजंत्री नाही, मुंडावळ्या नाहीत, सूर्य बघत असताना नाही. बिजवर मात्र पुन्हा घोड्यावर बसायला मोकळा. पाटाच्या बाईला नवरी कुणी म्हणत नाही. तिचा प्रश्न कशासाठी होता हे वर्गातल्या पोरींनाही कळलं होतं. कळलं नव्हतं ते मला. मी आपलं व्याकरणाचं उत्तर दिलं.

"तिला वेगळा शब्द नाही. पहिल्यांदा असो की दुसऱ्यांदा, ब्राइडच."

"दुसऱ्यांदा बी?"

"तिसऱ्यांदा बी," मी म्हणालो. दोनच शब्द बोलायचे होते, ते विसरून गेलो होतो. "टीचर कसा बाईलाही टीचर, बाप्यालाही टीचर, तसं हे. ती नवी का जुनी हे शब्द विचारत नाही."

ती भावाकडं वळली. आवाज चढवला नाही. "आबा, मला मानूस पसंत हाय. पण पाट मी करायची न्हाई. लगीन लावायचं तर दिवसा, मुंडावळ्या बांधून. न्हाईतर आपली चौफुल्याची गाडी अजून उभीच आसंल."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "लोक काय म्हणत्याल?"

"आकरा वर्सं म्हणत्यातच की. आता जरा दुसरं म्हणू द्या."

आबांनी मामांना विचारलं. मामांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मला चालतंय. मंडप मी टाकतो. सतरंज्या शाळंच्या हायेत." आबांनी टोपी नीट बसवली. मग म्हणाले, "शाळंच्या सतरंज्या वापरू देत्यात का?" तेव्हा मला कळलं की जमलं. नकार द्यायचा असलेला माणूस सतरंज्यांची चौकशी करत नाही.

लग्न मे महिन्यात लागलं, भर दुपारी सव्वाबाराला, शाळेच्या पटांगणात. हेडमास्तरांनी सतरंज्या दिल्या, वर बाकही दिले. तिच्या माहेराहून टेम्पोभर झेंडू आला. मुंडावळ्या खऱ्या होत्या. ज्या बाया येणार नाही म्हणाल्या होत्या त्या कुंपणाशी उभ्या होत्या, आणि अक्षता पडायच्या वेळी आत आल्या. आठवीच्या पोरांनी मंगलाष्टकं संपताच, कुणी न सांगता, आधी मुलींच्या बाजूनं 'ब्राइड' आणि मग मुलांच्या बाजूनं 'ब्राइडग्रूम' अशी जोडी पुरी केली. भटजींना वाटलं त्यांचंच काहीतरी चुकलं.

मी पंगतीत जिलबी वाढत होतो. माझी छाती अशी फुगली होती, की जणू लग्न मीच जमवलं. फिरत फिरत नवरानवरीपुढं आलो आणि वाढता वाढता सुरू झालो. म्हणालो, वहिनी, बघा, एका शब्दात केवढी ताकद असते. तुम्हाला सांगतो, इंग्रजीत असे पुष्कळ शब्द आहेत, बॅचलर घ्या, त्याची जोडी स्पिन्स्टर, ती मात्र अगदी वेगळीच, म्हणजे बॅचलरला शेपूट लावून होत नाही, त्याचं कारण असं की, आणि मी कारण सांगायला लागलो. मामांची पत्रावळ तशीच राहिली. जिलबीचा पाक माझ्या कोपरापर्यंत आला.

वहिनींनी मुंडावळी बाजूला सारली आणि शेजारी बसलेल्या माझ्या त्या हुशार विद्यार्थिनीला विचारलं, "ह्या सरांना काय म्हणायचं गं?"

"बॅचलर. लग्न न झाल्याला."

वहिनींनी माझ्याकडं खालून वर पाहिलं.

"सर, तोंड आसंच चालू ठिवा. तुमचा शब्द काय बदलत न्हाई."