कुणीच न सांगितलेला मध्यम पाऊस

जिल्ह्याच्या हवामान सल्ला कक्षात असताना 'मध्यम पाऊस' या शब्दांचा मला कायम संशय यायचा. एके दिवशी हवेची सुरुवातीची स्थिती किंचित बदलत संगणकावरचं अंदाजाचं मॉडेल अनेकदा चालवलं होतं. निम्मी उत्तरं मुसळधार म्हणत होती, निम्मी कोरडं. साहेबांनी सरासरी काढून 'मध्यम' लिहिलं. मी भडकले. "अहो साहेब, मध्यम तर एकाही उत्तरात नाही!" ते खोडून मीच लिहिलं, 'जोरदार पाऊस किंवा काहीच नाही, शक्यता निम्मी-निम्मी.'

सल्ला गेला आणि तलवाड्याहून सोयाबीन कापून ठेवलेल्या एका शेतकऱ्याचा फोन आला.

"म्हंजे म्याडम, तुमाला बी म्हाईत न्हाई?"

"नाही."

"मंग झाकतो. तुमच्या त्या नेहमीच्या 'मध्यम'वर कोण झाकत होतं?"