कोयतीचं गाणं आणि दोन ओळी

कोयतीला तिच्या गाण्याचा अर्थ सांगितला, की ती हातात असेल ते फेकून मारायची. विचारला तर नुसती बघायची. सांगितला तर मारायची. माझ्या डाव्या भुवईवर जी खूण आहे ती तिच्या डवलीची. डवली म्हणजे आमच्याकडचा करवंटीचा डाव. लग्नाला महिना झाला नव्हता. ती चुलीपाशी काही गुणगुणत होती आणि मी मोठ्या शहाण्यासारखा म्हणालो, म्हणजे तुला माहेरची आठवण येते तर. डवली आली ती सरळ कपाळावर. रक्त डोळ्यात गेलं. तिनेच हळद दाबली आणि दाबताना म्हणाली, "माका अर्थ सांगू नको. गाणां आयकलंस ना, तेवडां पुरे."

ती माझी बायको. तिला नाव होतं, पण वाडीत सगळे कोयती म्हणायचे आणि तिलाही ते चालायचं. जीभ तशी आणि हातही तसाच. बाजारात मासे विकायला बसली की वजनात हात घालणाऱ्याच्या बोटांवर सुरी आपटायची. पात्याने नाही, मुठीने. एकाचं बोट मोडलं होतं. तो पुढे तिचं नेहमीचं गिऱ्हाईक झाला.

आता मला अर्थ सांगायची खोड कुठून लागली ते सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलो. आमचे गुरुजी निगडीची छडी ठेवत आणि ती रोज वापरत. पोरांचे तळहात इतके सुजायचे की संध्याकाळी जाळं ओढवायचं नाही, मग घरी बापाचा मार वेगळा. कविता झाली की गुरुजी म्हणत, अर्थ दोन ओळींत लिहा. त्यात मात्र मी कधी मार खाल्ला नाही. मला ती युक्ती जमली होती. कवितेत कोण आहे, त्याने काय केलं, कोणाला केलं, एवढं धरायचं. हाका काढून टाकायच्या, गो आणि रे काढायचे. एकच गोष्ट दोनदा आली तर एकदाच घ्यायची. प्रश्न असेल तर सोडायचा, कारण प्रश्नात काही घडत नाही. भांडीकुंडी, ताटवाट्या, असली बारीकसारीक घरगुती भर गाळायची. उरेल ते जोडलं की दोन ओळी होतात. गुरुजी खूश. माझ्या मागच्या बाकावर पांडू बसायचा. तो माझं बघून ते शिकला.

हे सगळं सद्गूच्या मरणाच्या वेळी अंगाशी आलं. सद्गू म्हणजे कोयतीचा धाकटा भाऊ. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आमच्या वाडीने रापण घातली होती, म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकं धरून ओढायचं मोठं जाळं. त्याच जागेवर खालच्या वाडीने आपलं जाळं आणून टाकलं. आधी शिव्या झाल्या, मग दगड, मग वल्ही. मी तिथे होतो. माणसं कमरेएवढ्या पाण्यात एकमेकांना बुडवत होती. एकाचा कान लोंबत होता आणि तो दुसऱ्याचा गळा धरून होता. त्या गर्दीत लवूचं वल्हं सद्गूच्या डोक्यात बसलं. नारळ फुटतो तसा आवाज झाला. लवू खालच्या वाडीचा, पण सद्गूचा लहानपणापासूनचा मित्र. आमच्या सासूच्या हातचं जेवून वाढलेला. त्याने नेमक्या सद्गूवर नेम धरला की वल्हं फिरवलं आणि सद्गू मध्ये आला, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नाही. पोलिसांनी धरला, मग जामिनावर सोडला. तो आपल्या आईपाशी घरात येऊन बसला.

कोयती रडली नाही. तिने गाणं केलं. मासे कापता कापता केलं, आदोळीवर, म्हणजे विळीवर, मान खाली घालून. लवूच्या आईला ती मावशी म्हणायची, गाणं तिलाच घातलेलं होतं. आमच्या बोलीत आवस म्हणजे आई आणि झील म्हणजे मुलगा.

मावशे गो मावशे, वाटयेत भात थंड झालो,
माज्या भावाची वाटी, तुज्या झिलाची वाटी,
एका चुलीवरचो भात.
वल्ह्याक रगात लागलां, मावशे, रगात धुतलंस काय?
माजी आवस रडता, मावशे, उद्या तूय रडतलंस.
दार लाय गो मावशे, दार लाय,
वाऱ्यान उघडलां तरी परत लाय.

बायकांनी ते उचललं. विहिरीवर, मासे निवडताना, जिकडे तिकडे तेच. पुरुष कशाला ऐकतात. कोयतीचा थोरला भाऊ बाबी दिवसभर होडीच्या खोपीत बसून कोयता घासत होता. त्याच्याबरोबर वाडीतले आणखी दहाएक जण होते. बाबीचं मन अजून होत नव्हतं. लवूला त्याने खांद्यावर बसवून जत्रेला नेलेलं. तो म्हणाला, बहीण काय म्हणते ते कळू दे, तिचा शब्द असेल तसं करू. ती काय गाते ते त्याने पांडूला विचारलं. पांडूने चौथीतल्यासारखं उत्तर दिलं, "सद्गूक लवून वल्ह्यान मारलो. आता लवूची आवस रडतली."

बस. बाबी उठला.

मी खोपीच्या दाराशी होतो. धावत घरी गेलो आणि कोयतीला पांडूच्या दोन ओळी सांगितल्या. ती आदोळीवरून उठली. हात माशाच्या रक्ताने भरलेले, तशीच निघाली. खोपीत शिरली आणि पहिली थोबाडीत पांडूला. तो खाली बसला. बाबी आडवा आला तर त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी इतक्या जोरात मारलं की तो होडीवर आपटला. कोणी तिला धरायला गेला नाही. तिने खोपीतलं चुन्याचं मडकं माझ्या हातात दिलं आणि होडीच्या डांबर लावलेल्या काळ्या अंगावर पांडूचं बोलणं लिहायला लावलं. मी बोटाने लिहिलं. दोन ओळी. चूक एकही नव्हती, तेही सांगतो. त्यातली प्रत्येक गोष्ट गाण्यात होती.

मग ती एक ओळ गायची आणि थांबायची.

"भात थंड झालो. हो भात हयसर खंय आसा, दाखय."

मी चुन्याकडे बघत राहिलो. भात नव्हता. वाट्या नव्हत्या. दोघे एका चुलीवर जेवले, हे कुठेच नव्हतं.

"रगात धुतलंस काय, असां इचारलंय मी. ह्यां खंय आसा?"

नव्हतं. प्रश्न होता, म्हणून गेला होता.

"मावशे कितक्यांदा म्हटलंय? एकदा तरी आसा?"

एकदाही नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दोन ओळींत कोणीच कोणाशी बोलत नव्हतं. नुसतं घडलेलं आणि घडणारं मांडलेलं होतं. गाण्यात एक पोर एका म्हाताऱ्या बाईच्या कानाशी बोलते. उद्या तूय रडतलंस, हे तोडून घेतलं तर धमकी आहे. त्याच्या आधी मावशे आहे आणि नंतर दार आहे, त्या दोघांच्या मध्ये ठेवलं की त्यातली भीती ऐकू येते. भीती मावशीसाठी होती, आणि ती भीती ह्या खोपीतल्या कोयत्यांचीच होती.

"आणि दार रे, पांडू? दार खंय टाकलंस?"

पांडू गाल धरून म्हणाला, दाराचं काय एवढं, घरातली गोष्ट ती.

बाबी तिच्यावर ओरडला नाही. रडवेला होऊन म्हणाला, "मगे तू म्हणतंस तरी काय गो? मारू की नको?"

"म्हणतंय ता गाण्यात आसा," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून गायला लागली. बाबीने कोयता खाली ठेवला. दाराच्या ओळीला त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तेवढ्यात कळलं की दोघे तरुण पोर आधीच गेलेत. गाणं संपायला वेळ लागतो. दोन ओळी ऐकल्या आणि पळाले, इतकं सोपं. बाबी धावला, त्याच्या मागे आम्ही. लवूच्या घराच्या दारावर कोयते पडत होते. फणसाच्या फळ्या, ढलप्या उडत होत्या. आतून मावशीचा आवाज नव्हता. ती दाराला पाठ लावून बसली होती, हे नंतर कळलं. गाणं बायकांच्या तोंडून तिच्यापर्यंत सगळंच्या सगळं पोचलं होतं आणि तिने सकाळीच दार लावून घेतलं होतं. बाबी पोरांच्या आणि दाराच्या मध्ये घुसला. वर गेलेला कोयता थांबायचा कसा? बाबीच्या डाव्या हाताची दोन बोटं उंबऱ्यावर पडली. मग मात्र पोरांच्या हातातून कोयते गळाले.

लवू जगला. सावंतवाडीला खटला चालला, शिक्षा भोगून तो परत आला. दाराच्या फळ्या त्यांनी बदलल्या नाहीत.

पुढे वाडीने ह्या गोष्टीचीही एक ओळ केली. कोयतीने लवूला माफ केलं, म्हणे. हे तिच्या तोंडावर बोलणाऱ्या बाईला तिने माशाची पाटी फेकून मारली, पाटी माशांनी भरलेली होती. "माफ केलंय असां कोण सांगता? दार लाय म्हटलंय. तेवडांच म्हटलंय." लवू रस्त्याने दिसला की ती थुंकायची. म्हातारपणी थुंकणं थांबलं, पण मान फिरवायची. आणि बाबीच्या तुटक्या हाताला तेल मात्र तो असेपर्यंत तीच चोळत होती. ह्याचा अर्थ काय, ते मला सांगता येणार नाही. मी विचारलंही नाही. डवली घरात होती.

यंदा ती गेली. थोरला मुलगा म्हणाला, बाबा, फोटोखाली छापायला दोन ओळी द्या. मला ते येतं. बसलो आणि लगेच झाल्या. कष्टाळू होती, तोंडाने फटकळ होती. नवऱ्यावर आणि भावांवर माया होती. खोटं काही नाही. वाचलं तर अशा बायका आमच्या किनाऱ्यावर घरटी एक निघेल. कागद चुलीत घातला. फोटोखाली नुसतं कोयती लिहा म्हटलं. मुलगा चिडला. चिडू दे.

बाराव्याला सगळे जेवून उठले, तेव्हा लवू आला. वाकलेला, काठी घेतलेला. अंगणात उभा राहिला, पुढे येईना. इतक्या वर्षांत त्याने आमच्या अंगणात पाय टाकला नव्हता. ती असती तर तिने काय केलं असतं, हे मी उभ्या उभ्या खूप शोधलं. सापडलं नाही. आत गेलो, सासूबाईंच्या घरून आलेली जुनी पितळेची वाटी काढली, तिच्यात भात वाढला आणि उंबऱ्यावर नेऊन ठेवली. ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तो पायरीवर बसला. वाटी हातात घेऊन कितीतरी वेळ नुसता बसून होता. भात थंड झाला. मग त्याने तो खाल्ला, शीत न शीत. वाटी धुऊन पालथी ठेवली आणि गेला. मी दार लावलं.

मुलगा मागच्या दारी होता, त्याने आत येऊन विचारलं, कोण आलं होतं, काय झालं?

मी म्हणालो, लवू आला होता. जेवून गेला.

गुरुजींनी पैकीच्या पैकी दिले असते. कोयती असती तर डवली हाणली असती.