नाव खोडलं, पण गेलं कुठे?

कुंदा देवस्थळी आमच्या कारखान्यात टायपिस्ट होती. राहायला मुलुंडला. साकीनाक्याला आम्ही पत्र्याचे डबे करायचो. कामात चूक दिसली की साहेब असो की शिपाई, ती तोंडावर सुनवायची. लोक तिला तुसडी म्हणत. म्हणोत. तिच्याएवढं काम करून दाखवा, मग बोला.

गोष्ट पंचावन्न सालची. मी तिथे हमाल होतो. माझी बायको जानकी कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायची. कँटीनचा कंत्राटदार नंदकिशोर. आमची खोलीही त्याच्याच चाळीतली. कामगार पोटं धरून पडायला लागले, तेव्हा जानकीने वेल्फेअर ऑफिसरला सांगितलं, की आदल्या दिवशीची आंबलेली डाळ पिंपाच्या तळाला ठेवतात आणि वर ताजी ओततात. तिचं नाव बाहेर जाणार नाही, असा मॅनेजरसाहेबांनी शब्द दिला. मगच तिने जबाबावर अंगठा उठवला.

त्यावर पत्रं सुरू झाली. ऑफिसरचं मॅनेजरला, मॅनेजरचं कँटीन कमिटीला, कमिटीचं परत. नंदकिशोर म्हणाला, आरोप काय तो कागदावर दाखवा, मग उत्तर देतो. मागणी रास्त होती. साहेबांनी हेडक्लार्क विद्याधर करंदीकरांना सांगितलं, सगळ्या पत्रांच्या प्रती त्याला द्या, नाव काढून.

मी त्या दिवशी ऑफिसात कागदाची खोकी लावत होतो. नंदकिशोर बाहेर व्हरांड्यात बसला होता. करंदीकरांनी कमिटीसाठी केलेल्या प्रतींचा एक उरलेला संच घेतला, जानकीच्या नावावर शाईच्या रेघा ओढल्या आणि लिफाफा मागवला.

कुंदाबाईंनी पानं ओढून घेतली. "हे काय?"

"नाव खोडलंय. दिसत नाही?"

"दिसतंय ना, तेच दिसतंय! पान उलटं करा. पातळ कागद आहे, अक्षरं मागे उठलीत. खिडकीशी धरा, उलटं का होईना, लागतं की नाही?"

करंदीकरांनी धरलं. लागत होतं.

"आणि ही खालची ओळ? 'सोबत जानकीबाईंचा जबाब.' हिच्यावर रेघसुद्धा नाही. काय डोळे मिटून ओढल्यात?"

"बरं, तेवढं खोडतो. पुन्हा टाइप करायला वेळ नाही. तो बाहेर खोळंबलाय."

"खोळंबू दे. भूक लागली तर स्वतःच्याच कँटीनमध्ये जेवेल."

मला हसू आलं नाही. हातातलं खोकं करंदीकरांच्या टेबलावर आदळावं असं वाटत होतं. आमचं छप्पर त्या शाईखाली होतं.

कुंदाबाईंनी आवाज उतरवला. "नाव काढूनही भागत नाही. पिंपाचा तळ कोण बघतं? भांडी घासणारी. तिथे भांडी घासायला बाई एकच आहे."

"मजकूर बदलायचा नाही," करंदीकर म्हणाले. "उद्या म्हणेल कागद बनावट."

"बदला कोण म्हणतंय? मूळ पत्रं फाइलीत तशीच राहतील. नवीन प्रतीवर 'उतारा' लिहायचं, गाळलं तिथे टिंबं द्यायची आणि काही भाग गाळलाय असं साहेबांच्या सहीने खाली सांगायचं. शिळी डाळ ताज्यात मिसळतात, हा आरोप राहतो. कुणी कुठून पाहिलं, ते जातं."

"तू मला शिकवणार?"

"तुम्ही कुणाचं घर मोडणार?"

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. पानं पाहिली, उजेडाला धरली आणि एवढंच म्हणाले, "पुन्हा टाइप करा." करंदीकरांना एक शब्द बोलले नाहीत.

जेवणाची सुट्टी गेली. बाई मशीनवरून उठल्या नाहीत. पान निघालं की करंदीकरांपुढे टाकायच्या. "कंत्राटदार होऊन वाचा. कुणाचा संशय येतो सांगा." एकदा ते म्हणाले, "सकाळची पाळी लिहिलीय, त्यावरून कळेल." बाईंनी ते पान फाडून पुन्हा टाइप केलं. साहेबांच्या सह्या झाल्यावर लिफाफा व्हरांड्यात गेला.

दुसऱ्या दिवशी नंदकिशोरने कँटीनच्या बायकांना रांगेत उभं केलं. "कोण ती?"

भाजी चिरणारी प्रेमा म्हणाली, "कागद तुमच्याकडे आहे ना मालक? वाचा की."

तो कागदाकडे बघत राहिला. जानकी खाली मान घालून उभी होती, तशाच सगळ्या उभ्या होत्या. त्याच आठवड्यात कमिटीने न सांगता येऊन पिंप उपसलं आणि त्याचं कंत्राट गेलं. आमची खोली राहिली. चाळीत समोर आला की तो मला रामराम करायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण मीही रामराम घालायचो.

करंदीकरांनी कुंदाबाईंचं टेबल खिडकीपासून हलवून कपाटामागच्या अंधारात लावलं. बाईंनी स्वतःच्या पैशांनी दिवा आणला आणि काम चालू ठेवलं.

जानकी ओल्या नारळाच्या वड्या घेऊन त्यांच्याकडे गेली. सोबत मी होतो. "बाई, तुमचे उपकार—"

"कसले उपकार?" कुंदाबाई कडाडल्या. "शब्द साहेबाने दिला होता. नाव काढायचं काम करंदीकरांचं होतं. दोघांनी नीट केलं असतं तर मला भांडावं लागलं असतं? त्यांना जाऊन विचार. माझे पाय धरायला आलीस ती!"

जानकी रडवेली झाली. बाईंनी वड्या ठेवून घेतल्या आणि मशीनमध्ये नवा कागद चढवला.