चौऱ्याऐंशीचा ईएसआर

डहाणूच्या त्या छोट्या खाजगी इस्पितळात मला अठरा वर्षं झाली होती, तेव्हा ती आली. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. एमडी होऊन थेट आमच्याकडे. पहिल्या पावसाळ्यातच पेशंट दारात उभं राहून विचारायला लागले, "बाई आहेत ना?" मी समोर बसलेला असायचो. नरपडची माणसं तिच्यासाठी चिकू आणायची. पूर्वी ते चिकू माझ्या टेबलावर यायचे. तिला चिकू आवडतही नव्हते, ती ते सिस्टरना वाटून टाकायची, आणि त्याचाही मला राग यायचा.

२०१६ च्या हिवाळ्यात झाई गावची एक बाई न्यूमोनियाने दाखल झाली. पंचेचाळिशीची, मासे विकणारी. ताप, धाप, उजव्या छातीत दुखणं. त्या तरुण डॉक्टरनेच तिला तपासलं, औषधं सुरू केली. सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा, पहिल्या दिवशी एकशे अठ्ठेचाळीस होता, तिसऱ्या दिवशी बासष्ट, पाचव्या दिवशी चौदा. ताप उतरला, बाई जेवायला लागली. केसपेपरवर तिने लिहिलं, 'उद्या घरी सोडणे', आणि ती दीड दिवसाच्या रजेवर गेली.

सकाळचा राउंड माझा होता. बाई पिशवी भरून बसली होती. संध्याकाळी तिच्या मुलीची हळद होती, परवा लग्न.

मी केसपेपर चाळला आणि सिस्टरना सांगितलं, "ईएसआर पाठवा." सूज दाखवणारी तीही एक रक्ततपासणी, जुनी.

का पाठवला, हे तेव्हा मी स्वतःला नीट सांगितलं नाही. आज सांगतो. मला तिची चूक सापडायला हवी होती.

दुपारी रिपोर्ट आला. चौऱ्याऐंशी; असायला हवा विसाच्या आसपास. मला आनंद झाला. पेशंटचा रिपोर्ट बिघडलेला पाहून डॉक्टरला आनंद व्हावा, याहून लाजिरवाणं काय असेल!

"अजून आत सूज आहे," मी तिच्या नवऱ्याला म्हणालो. "घाईने सोडत होते यांना."

"पण डॉक्टर, ताप नाही, भात खाल्ला. हळद आहे आज घरी."

"रिपोर्ट वाईट आहे. काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

मी आणखी जोराचं अँटिबायोटिक सुरू केलं. संध्याकाळी त्या बाईने फोनवर मुलीच्या हळदीची गाणी ऐकली. रात्रीपासून तिला जुलाब लागले. त्या औषधाने लागतात कधीकधी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रजेवरून परतली. केसपेपर वाचून माझ्या खोलीत आली, दार लावून घेतलं.

"सर, हिचं हिमोग्लोबिन आठ आहे, पाहिलंत?"

"पाहिलं."

"रक्त कमी असलं की ईएसआर तसाही वाढतो. आणि न्यूमोनिया बरा झाला तरी तो उतरायला आठवडे घेतो. सीआरपी लवकर चढतो, लवकर उतरतो. तो उतरलाय, पेशंटही बरी आहे."

"आणि टीबी असला तर?" मी शेवटचं हत्यार काढलं.

"असूही शकतो. पण ते ईएसआर सांगणार नाही. कुठेतरी सूज आहे एवढंच तो म्हणतो. कुठे, कशाची, ते नाही. म्हणून मी थुंकी दोनदा पाठवली होती, काही मिळालं नाही. एक्स-रे महिन्याने पुन्हा काढणारच आहे."

यातलं एकही वाक्य मला नवं नव्हतं. हेच मी नर्सिंगच्या मुलींना शिकवत असे.

तिने माझं औषध बंद केलं, बाईला मीठ-साखरेचं पाणी सुरू केलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आमच्याकडून एक दिवस जास्त ठेवलं गेलं. चुकलं आमचं." आमचं! तिने माझं नाव घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्या चांगुलपणाचाही मला हेवा वाटला. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई थेट लग्नाला गेली, नवऱ्याच्या खांद्याला धरून.

महिन्याने ती झाईची बाई एक्स-रे घेऊन आली. फुप्फुस स्वच्छ होतं, लोहाच्या गोळ्यांनी रक्तही वाढत होतं. मी तिला माझ्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं की त्या दिवशी थांबवायची गरज नव्हती, तो निर्णय माझा एकट्याचा होता.

"मुलगी रडत होती फोनवर," ती म्हणाली. "मी तिला सांगितलं, डॉक्टर म्हणतात म्हणजे काहीतरी असेल."

मग उठली आणि बाहेरच्या रांगेत जाऊन बसली, डॉक्टर बाईंना दाखवायला.

हेवा त्यानंतर गेला, असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून कुठलीही तपासणी लिहिण्याआधी मी स्वतःला विचारतो, ही पेशंटसाठी आहे की माझ्यासाठी. दोनदा तरी लिहिलेला कागद मी फाडलाय.